मदत हवी आहे: विहिरीतली बुडी शेजारच्या खोलीतल्या टीव्हीसारखी ऐकू येतेय

कठड्यावरून
नमस्कार मंडळी. मित्रांच्या लघुपटाचा आवाज मी करतोय आणि एका दृश्यापाशी दहा दिवस अडलोय.

दृश्य १ मिनिट ४० सेकंदांचं आहे. गणू नावाचा मुलगा विहिरीत पडलेली कळशी काढायला सूर मारतो. पाणी वीसेक फूट. वर आजी हाका मारतेय, शेजारी शेतीची मोटर चालू आहे. तो तळाशी जातो, कळशी धरतो, दम संपत येतो आणि वर येतो.

मी सगळे ट्रॅक एकत्र करून त्यावर ReaEQ मध्ये ५०० हर्ट्झचा लो-पास लावला, मोठा रिव्हर्ब दिला, फिश टँकच्या बुडबुड्यांचा तयार आवाज दृश्यभर चालवला आणि तळाला ४० हर्ट्झची घरघर टाकली. दिग्दर्शक म्हणाला, "शेजारच्या खोलीत टीव्ही लागलाय असं वाटतं." घरघर हेडफोनवर छातीवर बसते, मोबाइलवर मुळीच येत नाही. आणि गणू खोल जातो तेव्हा आजी लांब गेली असं वाटतच नाही, तिचा आवाज नुसता बारीक होतो. काय चुकतंय?

सूर_सांगली
पाणी उंच स्वर गिळून टाकतं, त्यामुळे तुमचा लो-पास बरोबरच आहे. उलट अजून खाली, ३०० वर आणा. आणि सगळ्या आवाजांचा वेग निम्मा करा, लगेच खोल वाटायला लागेल. मी एका नाटकात बुडबुड्यांना असंच केलं होतं, छान जमलं होतं.

तळठाव
मी तारकर्लीला तीन वेळा डायव्हिंग केलंय, म्हणून लिहितो. खाली दबका आवाज वगैरे काही नव्हता. सतत तडतड चालू होती, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. बोटीचं इंजिन ऐकू आलं, पण बोट डावीकडे आहे की उजवीकडे ते काही केल्या कळेना, आवाज डोक्याच्या आतच आहे असं वाटायचं. तुम्ही ती तडतड टाका, ती खरी आहे.

मिक्सरमावशी
कठड्यावरून, तुमची अडचण लो-पास किती हर्ट्झचा यात नाही, तो कशावर लावलाय यात आहे. सगळ्यांवर एकच पडदा टाकलात की ऐकणारा पाण्यात जात नाही, भिंतीपलीकडे जातो. त्यालाच दिग्दर्शक टीव्ही म्हणतोय.

सूर_सांगली, वीस फुटांचं पाणी उंच स्वर गिळत नाही हो. तळठाव यांना तडतड इतकी लख्ख ऐकू आली ती त्यामुळेच. ती समुद्रातल्या एका कोळंबीच्या नांगीची असते. गोड्या पाण्याच्या विहिरीत ती नको. आजीचा आवाज दबतो तो वेगळ्या कारणाने: हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, हजारातला एखादा हिस्साच आत शिरतो. शिवाय कानात पाणी भरलेलं असतं.

म्हणून दोन गट करा. पाण्याबाहेरचं ते एका गटात, म्हणजे आजी आणि पाखरं. लो-पास फक्त त्यांना. पाण्यातलं ते दुसऱ्या गटात: गणूचे बुडबुडे, हातापायांचा सळसळाट, कळशी दगडाला घासते तो आवाज, त्याची धडधड. यांना उघडं ठेवा, जवळ ठेवा. कळशीचा खणखणाट लख्ख आला की आजीचं दबकेपण आपोआप पटतं.

बुडी घेतानाचा फिल्टर किती वेळात बंद होतो तुमचा?

कठड्यावरून
साधारण दोन सेकंदांत. हळूहळू बुडतोय असं वाटावं म्हणून.

मिक्सरमावशी
फार लांब झालं. डोकं पाण्याखाली जातं तिथे चार फ्रेममध्ये बंद करा. त्यानंतर अर्धा सेकंद जवळजवळ काही नको, मग बुडबुडे. ती पोकळीच प्रेक्षकाला आत ओढते.

आता बुडबुडे. फिश टँकमध्ये एकसारख्या आकाराचे बुडबुडे अखंड येतात. गणूकडे सिलिंडर नाही, तो दम धरून आहे. चित्रात मोजा, तो नाका-तोंडातून हवा सोडतो तेवढ्याच वेळा बुडबुडे हवेत. बुडबुड्याचा सूर त्याच्या आकारावर ठरतो: १ मिलिमीटर त्रिज्येचा साधारण ३ हजार हर्ट्झला वाजतो, १ सेंटिमीटरचा ३०० च्या आसपास. म्हणूनच सूर_सांगलींचा निम्म्या वेगाचा उपाय बुडबुड्यांवर चालला, ते दुप्पट मोठे वाटले. तो फक्त तिथेच वापरा. आजीवर केलात तर आजोबा होतील. प्लॅस्टिकच्या टिपाडात रिकामी बाटली उपडी बुडवून हळूहळू तिरकी करा, मोठे बुडबुडे मिळतील. स्टीलची बादली नको, ती स्वतः वाजते.

सूर_सांगली
पण घरघर? खोली तर तिच्यानेच कळते ना? मी म्हणेन ४० हर्ट्झच वाढवा.

मिक्सरमावशी
वाढवून मोबाइलवर येणार नाही, त्याचा स्पीकर तेवढ्या खाली जातच नाही. आणि घरघर कशाची, ते आधी ठरवा. तुमच्याकडे आयतं कारण आहे: मोटर. तिच्या पाइपचं दुसरं टोक पाण्यातच आहे, तिची थरथर आत येणारच. शेतातली मोटर बहुधा मिनिटाला २८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. खऱ्या मोटरचा आवाज पाइपला माइक टेकवून घ्या आणि त्यावर थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे मूळ सुराच्या वरच्या पटी, दोनशे-तीनशे हर्ट्झच्या, उठून येतील. मोबाइलवर कान त्यांच्यावरूनच खालचा सूर ओळखतो. मूळ सूर मात्र कमी करा, हेडफोनवर बसतो तो तोच.

आजीचं अंतर नुसत्या आवाजाच्या बटणाने करू नका. पृष्ठभागाखाली असताना लो-पास ९०० च्या आसपास, मध्यावर ५००, तळाशी ३००. त्याच वेळी तिचा थेट आवाज कमी करत न्या, पण रिव्हर्बला जाणारा तेवढाच राहू द्या. माणूस लांब गेला की आधी त्याचा थेट आवाज विरतो, घुमणं मागे राहतं. तुम्ही दोन्ही एकत्र कमी केलंत, म्हणून ती जागच्या जागी बारीक झाली. रिव्हर्ब मात्र आखूड घ्या, ही विहीर आहे, देवळाचा गाभारा नाही.

तळठाव
आजी मधोमध ठेवा, अगदी मोनो. पाण्यात दिशा कळत नाही, हे मी अनुभवलंय. बुडबुडेही मोनोच.

मिक्सरमावशी
आजी आणि मोटर मोनो, मान्य. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन्ही कानांत पोचायच्या वेळेतला फरक फारसा उरत नाही. बुडबुडे मात्र मी थोडे पसरवते. ते गणूच्या चेहऱ्याभोवती आहेत आणि प्रेक्षक कोरड्या खुर्चीत बसलाय.

तळठाव
मला ते खोटं वाटतं. पण माझा अनुभव पाण्यातला आहे, थिएटरातला नाही.

कठड्यावरून
चार दिवसांनी लिहितोय. गट वेगळे केले आणि टीव्ही गेला! मोटर आमच्या मळ्यातलीच रेकॉर्ड केली, मोबाइलवरही जाणवते. बुडबुडे आता तीनच वेळा येतात, तिसऱ्या वेळी दिग्दर्शकानेच श्वास रोखला.

एक गंमत सापडली. तळाशी ३०० वर आजीचं "गणूऽऽ" टिकतं, "वर ये रे बाळा" पार पुसून जातं. लांबवलेल्या "ऊ"चा जोर तिथेच आहे, असं दिसतंय.

मिक्सरमावशी
बरोबर. "ऊ"चा मुख्य जोर ३०० च्या आसपास असतो, "आ"चा ७०० च्या पुढे. व्यंजनं तर आणखी वर, ती आधी जातात. नाव गणू आहे हे तुमचं नशीब. तळाशी फक्त तीच हाक ठेवा.

कठड्यावरून
तिथेच अडलंय. दिग्दर्शकाला तळाशी "कळशी सोड" हे शब्द कळायला हवेत, कारण गणू ते ऐकून कळशी सोडतो. लो-पास १२०० पर्यंत उघडला की शब्द कळतात, पण आजी पाण्यात उतरल्यासारखी जवळ येते. आजीचं ते वाक्य गणू बुडी घ्यायच्या आधी एकदा ऐकवलं तर खाली नुसत्या चालीवरून ओळखू येईल का? कुणी असं करून पाहिलंय?