पावसाळ्यात आइस्क्रीमचे फ्रीझर दुकानात ठेवावेत की उचलावेत?

गारवा: तालुक्याला आइस्क्रीमची एजन्सी आहे. पाऊस लागला की निम्मे दुकानदार फ्रीझर बंद करतात, ऑर्डर थांबते. ही खाती सप्टेंबरपर्यंत चालू कशी ठेवायची? की फ्रीझर उचलून आणू?

रोखठोक: उचलाच. बंद फ्रीझरवर बिस्किटांचे खोके रचतात, मागून उंदीर वायर कुरतडतात. दुरुस्ती तुमच्याच गळ्यात.

शीतपेटी: उचललात की जागा गेली. मार्चमध्ये तिथे दुसऱ्या कंपनीचा फ्रीझर दिसेल. दुकानदार बटण का बंद करतो ते बघा. तीनशे लिटरचा फ्रीझर दिवसाला तीन-चार युनिट खातो, म्हणजे व्यापारी दराने महिन्याला हजारेक रुपये. त्याला 20 टक्के सुटत असतील तर नुसती वीज फिटायला पाच हजारांचा माल खपायला हवा. जुलैत गावातल्या टपरीवर कुठून खपणार?

म्हणून आम्ही यादी फोडतो. एसटी स्टँड, कॉलेज, मंगल कार्यालयाजवळची दुकानं पाच हजार ओलांडतात, तिथे गाडी दर आठवड्याला जाते. काठावरच्या दुकानांत मोठ्याच्या जागी लहान फ्रीझर, गाडी पंधरवड्याने. कँडी जवळपास बंद, कोन आणि फॅमिली पॅक जास्त. उरलेल्यांचा माल परत घेऊन फ्रीझर पुसून, झाकणाला फट ठेवून रीतसर बंद करतो. पण महिन्यातून एक चक्कर चुकवत नाही.

घाऊकवाला: एवढा व्याप कशाला? जूनमध्येच दहावर दोन फ्रीची स्कीम लावा, उधारीवर फ्रीझर गच्च भरा. भरलेला फ्रीझर कोण बंद करतो?

शीतपेटी: भरलेला गारवा जास्त टिकवतो, हे खरं. म्हणूनच दुकानदार बिनधास्त रात्री बटण बंद करतो. झाकण उघडा: आइस्क्रीमवर बर्फाचे खडे, कप मधून खचलेला, कँडी काडीवर कललेली. तो माल परत तुमच्याकडेच येतो, आणि उधारीचा विषय काढला की शेठ जेवायला गेलेले असतात.

सावकाश: खातं चालू ठेवायचं तर दोन वर्षांत एकदा तरी व्यवहार करा, नाहीतर बँक ते निष्क्रिय करते. माझं छत्र्यांचं दुकान, मला उन्हाळ्यात हाच घोर.

गारवा: सावकाशराव, दुकानदारांची खाती म्हणतोय! शीतपेटी, काठावरच्या दुकानांत फ्रोझन मटार ठेवू दिला तर वीज फिटेल का?

शीतपेटी: फिटते. पण फ्रीझर कंपनीचा असेल तर करार वाचा, बहुतेक करारांत दुसरा माल चालत नाही. स्वतःचा असेल तर खुशाल ठेवा.

रोखठोक: आणि एप्रिलमध्ये तो मटार बाहेर काढायला तुम्ही जाणार का? एकदा जागा दिली की दुकानदार ऐकत नाही. मी अजूनही म्हणतो, उचला.