आईच्या पाटल्यांवरचे शिक्के, फोटो पाहून कोणी सांगेल का?

प्रेषक: आसावरी

मंडळी, नमस्कार.

आईच्या दोन पाटल्या दादा आणि मी एकेक वाटून घेणार आहोत. दोन्हींचं वजन सारखंच, चोवीस ग्रॅमच्या आसपास. दादाने नाशिकहून आतल्या बाजूचे फोटो पाठवलेत, ते जोडते आहे. पहिल्या पाटलीवर ओळीने त्रिकोणी चिन्ह, मग ९१६, मग एक झिजलेलं चिन्ह, जे हे इंग्रजी अक्षर आणि शेवटी दोन अक्षरं दिसतात. दुसरीवर फक्त ९१६ आणि तीच दोन अक्षरं. पावती २००८ची आहे, तिच्यावर "पाटली जोड २२ कॅरेट" एवढंच लिहिलंय. भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या BIS CARE ॲपमध्ये काय टाकून तपासायचं ते कळत नाही. दोन्ही पाटल्या सारख्याच शुद्ध धरायच्या का?

आसावरी

प्रेषक: निखिल

आसावरी, ॲपमध्ये सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा नंबर, टाकायचा असतो. तो दोन्हीवर नाही, म्हणजे माझ्या मते हॉलमार्क खरा नाही. भारतात आता एचयूआयडीशिवाय दागिना विकताच येत नाही. शिवाय बीआयएसचं वर्षाचं अक्षर ए म्हणजे २००० पासून सुरू होतं. जे हे दहावं अक्षर, म्हणजे २००९. पावती मात्र २००८ची! दागिना पावतीनंतर कसा तपासला जाईल? मला तरी संशय येतो.

निखिल

प्रेषक: प्रदीप

इथे ब्रिटनमध्ये विकायच्या असतील तर त्या त्रिकोणाचा उपयोग नाही. एक ग्रॅमच्या वरची वस्तू सोन्याची म्हणून विकायची तर इथल्या तपासणी कार्यालयाचा किंवा इथे मान्य असलेला शिक्का लागतो. बर्मिंगहॅमचा नांगर किंवा लंडनचं बिबट्याचं तोंड अशी खूण असेल तर सराफ दुकानात मांडतो. आधी अशा कार्यालयाकडे पाठवा.

प्रदीप

प्रेषक: माधव

आसावरी, मी निवृत्तीआधी बरीच वर्षं सोने तपासणी केंद्रात काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रदीप म्हणतात ते इथल्या विक्रीपुरतं बरोबर आहे, पण तुला विकायच्या नाहीत. तुझा प्रश्न वाटणीचा आहे.

निखिल, एचयूआयडी १ जुलै २०२१ला सुरू झाला आणि त्याच्याशिवाय विक्री बंद झाली १ एप्रिल २०२३पासून. हे बंधन दुकानदाराच्या विक्रीवर आहे. घरातल्या जुन्या हॉलमार्कच्या दागिन्याचा शिक्का त्यामुळे बाद होत नाही. त्या काळात ओळीत पाच खुणा असायच्या: बीआयएसचा त्रिकोण, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचं अक्षर आणि सराफाची खूण. पहिल्या पाटलीवर बरोबर याच पाच आहेत. अक्षरं मोजताना आय गाळलेलं आहे. म्हणून एच म्हणजे २००७ आणि जे म्हणजे २००८. तुझी पावती आणि शिक्का एकमेकांना धरून आहेत. २०१७पासून हे वर्षाचं अक्षर काढून टाकलं.

आता महत्त्वाचं. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं, म्हणजे बावीस कॅरेट. पण हा आकडा कोणीही उठवू शकतो. तो कोणाच्या जबाबदारीवर उठवलाय, हे शेजारच्या खुणा सांगतात. पहिल्या पाटलीवर त्रिकोण आणि केंद्राची खूण आहे, म्हणजे सराफाखेरीज दुसऱ्या कोणीतरी ती तपासली. दुसरीवरचं ९१६ हा सराफाचा स्वतःचा शब्द आहे. तो खोटा असेलच असं नाही. २००८मध्ये हॉलमार्क ऐच्छिक होता, सक्ती जून २०२१मध्ये आली. एकाच जोडातली एक पाटली तपासून आणली आणि दुसरी मागून त्याच घडणीची करून दिली, असं तेव्हा व्हायचं. त्रिकोण झिजून गेला असंही असू शकतं, पण मग ९१६ इतकं ठसठशीत कसं राहिलं, हा प्रश्न उरतो.

तेव्हा दोन्ही सारख्याच शुद्ध असं आत्ताच धरू नकोस.

माधवकाका

प्रेषक: वर्षा

माधवकाका, माझंही विचारते. गेल्या दिवाळीत पुण्यात कानातले घेतले. त्यांवर त्रिकोण, 22K916 आणि सहा अक्षरी नंबर, तिन्ही आहेत. ॲपमध्ये Verify HUID ला नंबर टाकला तर शुद्धता बरोबर आली, पण दागिन्याचा प्रकार अंगठी दाखवतोय. दुकानदार म्हणतो, नोंद करताना चूक झाली असेल. हे सोडून द्यावं का?

वर्षा

प्रेषक: माधव

वर्षाताई, सोडून देऊ नका. नोंदणी करताना प्रकार चुकू शकतो, हे खरं. पण दुसऱ्या दागिन्याचा खरा नंबर उचलून इथे कोरला तरी ॲप शुद्धता बरोबरच दाखवणार, कारण ती त्या अंगठीची नोंद आहे. आधी नंबर भिंगाखाली पुन्हा वाचा. आठ आणि बी, शून्य आणि ओ यांत हमखास गल्लत होते. नंबर तोच निघाला तर ॲपमध्ये केंद्राचं नाव आणि दागिना तपासल्याची तारीख दिसते. ती तारीख तुमच्या बिलानंतरची असेल तर दुकानदाराचं उत्तर पुरेसं नाही. बिलावर शुद्धता आणि वजन लिहिलेलं असेल तर ते जपून ठेवा. शुद्धता कमी भरली तर बीआयएसच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दुकानदाराला कमतरतेच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च द्यावा लागतो. समजा दहा ग्रॅमवर ९१६ लिहिलंय आणि भरलं ९००, तर कमतरता ०.१६ ग्रॅम सोन्याची, भरपाई ०.३२ ग्रॅमच्या किमतीची.

माधव

प्रेषक: निखिल

आय गाळतात हे मला माहीत नव्हतं, काका. पण मग दादाने दुसरी पाटली सराफाकडच्या मशीनवर धरली तर दोन मिनिटांत निकाल लागेल ना? क्ष-किरणांचं मशीन असतं बहुतेकांकडे.

निखिल

प्रेषक: माधव

लागेल, पण ते मशीन पृष्ठभागाचं वाचतं. वर चढवलेला मुलामा असेल तर आकडा फसवा येतो, आणि डाग दिलेल्या जागी वेगळा येतो. पाटलीला जोड असतो आणि जोडाचं डाग सोनं कमी कसाचं असू शकतं. म्हणून दादाला सांग, बीआयएसच्या मान्यतेचं तपासणी केंद्र गाठ आणि दोन्ही पाटल्या घेऊन जा. ग्राहक स्वतः जाऊन शुद्धतेचा अहवाल घेऊ शकतो. पाटलीची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि जोड, तिन्ही ठिकाणचं वाचन मागावं. हॉलमार्कच्या पाटलीचं वाचन शेजारी असलं की दुसरीशी तुलना सोपी जाते. तिथल्या तिथे नवा हॉलमार्क मात्र मिळणार नाही, तो नोंदणीकृत सराफामार्फतच उठतो.

समजा दुसरी ९०० भरली. चोवीस ग्रॅमवर ९१६ म्हणजे २१.९८ ग्रॅम शुद्ध सोनं, ९०० म्हणजे २१.६. फरक ०.३८ ग्रॅमचा. वाटणीत त्याच्या निम्म्याची, म्हणजे ०.१९ ग्रॅमची किंमत रोख देऊन मिटवता येतं.

झिजलेल्या चिन्हाबद्दल आत्ता काही सांगत नाही. फोटोत ते कधी फुलासारखं तर कधी वर्तुळासारखं दिसतं. दिवा समोर न धरता बाजूने, तिरपा धरून पुन्हा काढायला सांग, आणि पुढच्या कॅमेऱ्याने नको, त्यात अक्षरं उलटी येऊ शकतात. संपूर्ण ओळ एकाच फोटोत हवी. खुणांचा क्रम आणि अंतर पाहिलं की ओळ एकाच वेळी उठवली का, हेही कळेल.

माधवकाका

प्रेषक: आसावरी

काका, दादा शनिवारी केंद्रात जाणार आहे. तो म्हणतो, जोडावर वाचन घेताना पाटली घासावी लागली तर? आईच्या पाटल्यांवर ओरखडा नको आहे त्याला.

आसावरी

प्रेषक: माधव

मशीनवर नुसती ठेवायची असते, ओरखडा येत नाही. अग्निपरीक्षा म्हणून जी अधिक अचूक पद्धत आहे, तिच्यासाठी मात्र थोडं सोनं खरवडावं लागतं. आधी मशीनचाच निकाल घ्या. तिन्ही आकडे जवळपास आले तर पुढे जायची गरज नाही. वेगवेगळे आले तर मला पाठव, मग दोघं मिळून ठरवू या.

माधवकाका