मदत हवी आहे: मैत्रिणीच्या लांबलचक मेसेजला आत्ता काय उत्तर देऊ?

काल रात्री पावणेबाराला शाळेपासूनच्या मैत्रिणीचा व्हॉट्सॲपवर भलामोठा मेसेज आला. तिच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. काल आईने तिला दारातच विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" तिने आत जाऊन चहा टाकला आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या रडली, असं लिहिलंय.

मी वाचलं, म्हणजे निळ्या खुणा तिला दिसल्याच असणार. मी सीएच्या ऑफिसात आहे. उद्या वीस तारीख, जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख, अजून अकरा जणांची रिटर्न बाकी आहेत. आत्ता फोन केला तर दहा मिनिटांत तोडावा लागेल, ते मला नकोय.

आधी "काळजी घे, नंतर बोलू" एवढंच लिहिलं होतं, पण पाठवलं नाही. तो "नंतर" कधी, हे तिला कसं कळणार? आणि मी पूर्ण वाचलंय हेही त्यातून कळत नाही. मग हे लिहिलं:

"अगं, सगळं वाचलं. काकूंनी दारात तसं विचारलं, ते डोक्यातून जात नाहीये. उद्या रात्रीपर्यंत रिटर्नमध्ये अडकलेय, घाईत काहीतरी लिहायचं नाहीये. परवा रात्री साडेनऊला फोन करते. त्याआधी अगदीच असह्य झालं तर सरळ फोन कर, मी उचलेन."

यात कामाचं सांगणं तिला टाळल्यासारखं वाटेल का? की हेच माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवू? अशा वेळी तुम्हाला कोणी असं उत्तर दिलं असेल, तर कसं वाटलं होतं ते सांगा. जेवणाच्या सुट्टीत पाठवणार आहे.