८२ टक्के एआय म्हणजे नेमकं काय?

«पुण्यात एमएस्सी करणाऱ्या भाचीच्या प्रबंधातली ‘कार्यपद्धती’ एआयचं लेखन ओळखणाऱ्या डिटेक्टरने ८२ टक्के एआय ठरवली. मग तिने ती लिहिलीच नाही, असं सिद्ध होतं का?»

नाही, होत नाही. असे अनेक डिटेक्टर एखाद्या भाषा-मॉडेलला प्रत्येक पुढचा शब्द किती अनपेक्षित वाटला, ते मोजतात. याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. वाक्यागणिक ती किती वरखाली होते, ती बर्स्टीनेस. दोन्ही कमी निघाले की शिक्का ‘एआय’चा.

आता कार्यपद्धती बघा: ‘द सॅम्पल्स वेअर सेंट्रिफ्यूज्ड अ‍ॅट’ यानंतर आकडा येणार, हे कोणीही सांगेल. सगळी वाक्यं कर्मणी, लांबीही सारखी. हा साचा मार्गदर्शकच शिकवतात! त्यात इंग्रजी दुसरी भाषा असेल तर शब्द आणखी ठरावीक येतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध चुकून एआयचे ठरले.

आकडा मजकुराचा पोत सांगतो, हात कुणाचा ते नाही. उलट, एआयचा मजकूर थोडा विस्कटला तरी तो निसटू शकतो. भाचीला गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी आणि प्रयोगवही घेऊन तोंडी परीक्षा मागू द्या.