दोनाचा एक, पण कुठल्या बाजूचा?

"विणकामात टाके कमी करायच्या k2tog आणि ssk या दोन्ही रीतींना वहीत 'दोनाचा एक' लिहिलं तर चालेल ना?"

नाही चालणार, झुकाव वेगळा येतो. k2tog म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. तो उजवीकडे झुकतो. ssk मध्ये सुलट विणताना घालतो तशीच सुई घालून दोन टाके एकेक करून न विणता उजव्या सुईवर घ्यायचे, मग डावी सुई त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे. हा डावीकडे झुकतो.

भाचीच्या स्वेटरच्या व्ही गळ्याला मी दोन्हीकडे k2tog केलं. टाके मोजून बरोबर, पण एक कड सलग रेघेसारखी आणि दुसरी पायऱ्यापायऱ्यांची! दादर ते बोरिवली लोकलमध्ये बसून उसवलं. आता वहीत 'दोनाचा एक उजवा' आणि 'दोनाचा एक डावा' असंच लिहिते.