‘सबब’ की ‘कारण’? कायद्याच्या उत्तरासाठी मराठी शब्द हवेत

पार्कचौक:
माझी भाची इथेच, सोलापुरात, कायदा शिकली. एका सत्रासाठी सध्या जर्मनीत आहे. तिथल्या सराव परीक्षेत तिचं उत्तर लाल होऊन परत आलं. गंमत म्हणजे निष्कर्ष बरोबर होता. तिचं पहिलंच वाक्य होतं, "करार झालेला नाही, कारण स्वीकृतीचं पत्र पोचलं नाही." शिक्षकांनी त्यातल्या ‘कारण’भोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "हा निकाल झाला. तपासणी कुठे आहे?"

ती आता मराठीत टिपणं काढतेय आणि रोज एक शब्द विचारते, "मावशी, याला काय म्हणू?" मी भाषांतरं करते, पण मुख्यतः सातबारा, वारसदाखले आणि मृत्युपत्रांची. इथे अडले. आपल्याकडच्या कॉमन लॉ पद्धतीचं उत्तर आणि सिव्हिल लॉ देशांतली प्रकरण सोडवण्याची रीत, यांतला फरक सांगायला मराठीत शब्द आहेत का?

जुनीसनद:
सिव्हिल म्हणजे दिवाणी. दिवाणी आणि फौजदारी उत्तरांतला फरक विचारताय ना? फौजदारीत आधी कलम लावायचं, मग घटक सिद्ध करायचे. दिवाणीत मुद्दे काढायचे. चाळीस वर्षं हेच करतोय.

पार्कचौक:
नाही हो काका, इथला ‘सिव्हिल’ म्हणजे जर्मनी-फ्रान्ससारख्या देशांची अख्खी कायदेपद्धती. दिवाणी म्हटलं की हाच घोटाळा होतो, म्हणून तर विचारलं. ‘संहिताप्रधान पद्धती’ कसं वाटतं?

सातरस्ता:
मग भारतही संहिताप्रधानच झाला की! आपला करार कायदा 1872 चा, जर्मनांची नागरी संहिता 1900 पासून लागू. आपणच आधीचे. आपणही कलमंच लिहितो. फरक काही नाही, फक्त तिकडे निवाडे वाचत नाहीत.

उंबरठा:
सातरस्ता, पहिलं निम्मं बरोबर. आपल्याकडे कलमं आहेत, पण उत्तर कलमावर थांबत नाही, ते निवाड्यांवर चालतं. दुसरं चूक. तिकडेही निवाडे वाचतात, नियमातल्या शब्दाच्या व्याख्या पुष्कळदा त्यातूनच आलेल्या असतात. पण परीक्षेत निवाड्याचं नाव घेऊन गुण मिळत नाहीत. विद्यार्थी संहिता शेजारी ठेवून लिहितो.

मी दोन्हीकडे शिकलोय. एकच प्रकरण दोन्ही रीतींनी लिहून दाखवतो. सोलापूरचा व्यापारी पुण्याच्या दुकानदाराला पत्र लिहितो, "200 चादरी, 300 रुपये नग, देतो." दुकानदार ‘मंजूर’ लिहून, पत्ता-तिकीट नीट करून पत्र टपालात टाकतो. पत्र गहाळ होतं. व्यापारी चादरी दुसऱ्याला विकतो. दुकानदार म्हणतो, माझा माल द्या.

आपल्याकडचा विद्यार्थी मुद्दा मांडतो: करार झाला का? मग कलम 4. पत्र स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर, टपालात गेलं की प्रस्ताव देणारा बांधला गेला. जोडीला 1879 चा इंग्लंडमधला ग्रँट खटला, त्यातही पत्र गहाळच झालं होतं. मग, टपालाऐवजी फोन असता तर? त्यासाठी 1966 चा केडिया निवाडा, आपल्याच खामगावचा व्यापारी आणि सरकीच्या पेंडीचा सौदा. फोनला टपालाचा नियम नाही, स्वीकृती ऐकू आली तिथे करार. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं होतं, तेही लिहिलं की परीक्षक खूश. शेवटी: करार झाला, चादरी गेल्या असल्या तरी नुकसानभरपाई मिळेल.

जर्मन विद्यार्थी ‘करार झाला का’ इथून सुरूच करत नाही. त्याचा पहिला प्रश्न चार भागांचा असतो: कोण, काय, कोणाकडून, कशाच्या आधारे? मग पहिलं वाक्य: "दुकानदाराला व्यापाऱ्याकडून कलम 433, परिच्छेद 1 नुसार चादरी मागण्याचा हक्क *असू शकेल*." त्यासाठी करार हवा. करारासाठी प्रस्ताव आणि स्वीकृती. प्रस्ताव आहे, पोचलाही आहे. स्वीकृती लिहिली, पाठवली. पण कलम 130 म्हणतं, समोर नसलेल्या माणसाला केलेलं निवेदन त्याच्यापर्यंत पोचल्यावरच परिणामकारक होतं. पोचणं म्हणजे त्याच्या ताब्याच्या टापूत असं येणं, की एरवी त्याला ते कळायला हरकत नसावी. घरच्या पेटीत पडलं तरी चालतं, वाचायला हवंच असं नाही. इथे पत्र पेटीतही पडलं नाही. सबब स्वीकृती नाही, सबब करार नाही, सबब हक्क नाही.

रीत वेगळी आणि इथे निकालही उलटा.

भाचीचा ‘कारण’ इथेच चुकला. ‘कारण’ आला की निकाल आधी सांगून झालेला असतो. तपासणीच्या शैलीत ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ चालतात, ‘कारण’ नाही. निर्विवाद मुद्द्याला एका वाक्यात उरकायची मुभा असते, पण हे पत्र तर प्रकरणाचं नाक होतं.

जुनीसनद:
आता कळलं. मग ‘सबब’ आमच्याच कोर्टाचा शब्द. "सबब, खालीलप्रमाणे आदेश." पण गमतीची गोष्ट सांगतो. आपल्या मराठी निकालपत्रात आधी ‘मुद्दे’ आणि त्यासमोरच ‘निष्कर्ष’ लिहितात, होय किंवा नाही, आणि ‘कारणमीमांसा’ नंतर येते. पोरगी तेच वाचून मोठी झाली. तिनं न्यायाधीशासारखं लिहिलं, बस्स.

उंबरठा:
काका, अगदी! तिकडे दोन शैलींना दोन नावंच आहेत: अभिप्रायाची शैली आणि निकालाची शैली. निकाल लिहिणं पुढे प्रशिक्षणात शिकतात, विद्यार्थ्याला आधी अभिप्राय.

पाटीपेन्सिल:
पण घरात ‘सबब’ म्हणजे बहाणा. "सबबी सांगू नकोस." भाचीनं वहीत तीनदा ‘सबब’ लिहिलं तर वाचणारा हसेल. मी ‘म्हणून’वर समाधानी आहे.

बाकी शब्दांसाठी न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले, पाच अवयव पाहा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हा डोंगरही तसाच, म्हणून अग्नी आहे. नियमात हकीकत बसवणं म्हणजे नेमका उपनय.

सातरस्ता:
उपनय म्हणजे मुंज ना?

पाटीपेन्सिल:
ते उपनयन. जवळ नेणं दोन्हीकडे आहेच म्हणा, एकात बटू, एकात डोंगर.

उंबरठा:
उपनय सुंदर आहे, घ्या. पण प्रतिज्ञा जुळत नाही. प्रतिज्ञा ठासून ‘आहे’ म्हणते, जर्मन वाक्य ‘असू शकेल’ म्हणतं. शिवाय प्रतिज्ञेनंतर लगेच हेतू येतो, म्हणजे पुन्हा ‘कारण’! त्या हिशोबानं न्यायशास्त्र निकालाच्या शैलीत बसेल.

जुनीसनद:
उपनय कशाला, आम्ही म्हणतो ‘कलम बसतं’. "इथे फसवणुकीचं कलम बसत नाही." शेंबड्या पोरालाही कळेल.

चादरीचा_धंदा:
पत्र गहाळ होण्यावरून आठवलं. माझा एक सौदा असाच बुडाला, तोही मेसेजवर, समोरच्यानं अंगठा पाठवला की नाही यावर अजून वाद चालू आहे. कायद्याचं मला कळत नाही, पण ‘मागण्याचा हक्क’ एवढं लांब कशाला? आम्ही ‘येणं’ म्हणतो. "त्याच्याकडून माझं येणं आहे." कोण, काय, कोणाकडून, सगळं त्यात आलं.

पार्कचौक:
हे मला फार आवडलं. मी ‘दावा’ लिहिणार होते, पण दावा म्हटलं की कोर्टात गेलेलाच वाटतो. इथे तर अजून कोणी पायरी चढलेलं नाही.

उंबरठा:
‘येणं’ पैशाला शोभतं. "200 चादरी येणं आहे" चालेल का? आणि एखादी गोष्ट *करू नये* ही मागणीसुद्धा जर्मन हक्कात बसते, ती ‘येणं’मध्ये कशी बसवायची?

चादरीचा_धंदा:
चादरी येणं चालतं, आम्ही रोज बोलतो. न करण्याचं येणं मात्र ऐकलं नाही बुवा.

पार्कचौक:
भाचीला सगळं पाठवलं. तिनं वहीत ‘उपनय’ खोडून ‘बसतं का?’ लिहिलंय, ‘येणं’ पेन्सिलनं, आणि ‘सबब’ ठेवलाय. दुकानदाराचं उत्तर पुन्हा लिहून पाठवलंय, यावेळी पहिलं वाक्य ‘असू शकेल’नं संपतं. आता विचारतेय, प्रश्नाला पहिल्याच वाक्यात ‘होय’ म्हणायची दहा वर्षांची सवय, ती परत आल्यावर पुन्हा लावून घ्यावी लागेल का? यावर काका काय म्हणतात?

जुनीसनद:
इथल्या परीक्षकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नकोस म्हणावं. त्याच्यापुढे गठ्ठा असतो.