मदत हवी आहे: बायकार्बही कमी, पीसीओटूही कमी. मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस की रेस्पिरेटरी अल्कलोसिस?

पहाटवारा

एबीजीच्या छोट्या केसेस सोडवताना मी पुन्हा पुन्हा एकाच जागी अडते आहे. बायकार्ब कमी दिसलं की डोक्यात लगेच मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस येतं. पण रेस्पिरेटरी अल्कलोसिस जुना असेल तर किडनीही बायकार्ब टाकून देते, म्हणजे तिथेही दोन्ही आकडे खालीच.

दोन केसेस सुटल्या. डायबेटिक तरुण, उलट्या, खोल आणि जलद श्वास, पीएच ७.२२, पीसीओटू २३, बायकार्ब ९. हा अ‍ॅसिडोसिस. दुसरी, आठव्या महिन्यातली गर्भवती, काही तक्रार नाही, पीएच ७.४४, पीसीओटू ३०, बायकार्ब २०. हा अल्कलोसिस.

तिसरीत फसले. २२ वर्षांची मुलगी, सहा तासांपूर्वी घरातल्या बऱ्याच गोळ्या घेतल्या, कोणत्या ते सांगत नाही. कानात आवाज येतोय, उलट्या होतायत, श्वास मिनिटाला ३२. पीएच ७.४१, पीसीओटू १८, बायकार्ब ११, सोडियम १४०, क्लोराइड १०४. मी 'मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस, योग्य कॉम्पेन्सेशनसह' हा पर्याय निवडला. चुकला. का चुकला ते कुणी पायरी-पायरीने सांगाल का?

अर्धविराम

तुम्ही बायकार्बपासून सुरुवात करता, तिथेच गडबड आहे. आधी पीएच बघायचा. कॉम्पेन्सेशन पीएचला नॉर्मलकडे आणतं, पण ओलांडून पलीकडे नेत नाही. इथे पीएच ७.४० च्या वर आहे, म्हणजे मूळ बिघाड अ‍ॅसिडोसिस असूच शकत नाही. उत्तर जुना रेस्पिरेटरी अल्कलोसिस. तुमच्या पहिल्या दोन केसेसही याच नियमाने सुटतात.

मोगरा

मी आयसीयूत नर्स आहे. असाच रिपोर्ट आमच्याकडे एकदा आला होता, पीसीओटू आणि बायकार्ब दोन्ही खूप कमी, पीएच मात्र जवळपास ठीक. पेशंट शांत पडलेला, श्वास मिनिटाला १६. सगळे गोंधळले. नंतर कळलं की सिरिंजमध्ये पातळ हेपरिन जास्त राहिलं होतं आणि रक्त जेमतेम अर्धा मिली. रक्त पातळ झालं, म्हणून दोन्ही आकडे घसरले. पुन्हा सॅम्पल घेतलं तर सगळं नॉर्मल. तेव्हा आधी सॅम्पल कसं घेतलं ते विचारा.

रात्रपाळी

मोगराताई, वॉर्डात ही शंका पहिल्यांदा यायलाच हवी. पण प्रश्नपत्रिकेतले आकडे खरे धरूनच पुढे जावं लागतं, आणि या मुलीचा श्वास ३२ आहे. रिपोर्ट आणि पेशंट एकच गोष्ट सांगतायत.

अर्धविराम, पीएचपासून सुरुवात करायची हे बरोबर. पहिल्या दोन केसेसमध्ये तेवढ्यावर भागतं, कारण तिथे बिघाड एकच आहे. तुमची चूक पुढच्या पायरीत आहे. मूळ बिघाड एकच असतो असं तुम्ही गृहीत धरलंत.

आता तुमचं उत्तर तपासू. पीसीओटू ४० वरून १८ वर आला, म्हणजे २२ ने उतरला. ताज्या रेस्पिरेटरी अल्कलोसिसमध्ये पीसीओटू दर १० उतरला की बायकार्ब साधारण २ ने उतरतो. २४ मधून साडेचार गेले, राहिले साडेएकोणीस. इथे ११ आहे. जुन्यात उतार दर १० ला ४ ते ५ असतो, म्हणजे १३ ते १५ पर्यंत पोचता येईल. पण त्यासाठी किडनीला दोन-तीन दिवस लागतात. हिला सहा तासच मिळालेत. म्हणून केस वाचताना वेळेवर बोट ठेवायचं. प्रश्न लिहिणारा 'सहा तासांपूर्वी' उगाच लिहीत नाही.

पहाटवारा, आता तुमचं उत्तर. अ‍ॅसिडोसिस धरला तर पीसीओटू किती असायला हवा? बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. ११ ची दीडपट साडेसोळा, त्यात ८ मिळवले की साडेचोवीस. म्हणजे साधारण २२ ते २७. हिचा १८ आहे. अ‍ॅसिडोसिसची भरपाई करायला लागतो त्यापेक्षा ती जास्त श्वास सोडते आहे, आणि हा जादा भाग स्वतंत्र रेस्पिरेटरी अल्कलोसिस आहे. 'योग्य कॉम्पेन्सेशन' या दोन शब्दांमुळे तुमचा पर्याय चुकला.

अ‍ॅसिडोसिस खरंच आहे याचा पुरावा सोडियम-क्लोराइडमध्ये आहे. १४० मधून १०४ आणि ११ वजा केले की अ‍ॅनायन गॅप २५. साधारण १२ च्या आत अपेक्षित. नुसत्या अल्कलोसिसने गॅप थोडा वाढतो, एवढा नाही. म्हणून उत्तर दोन्ही एकत्र. कानातला आवाज धरला तर गोळ्या अ‍ॅस्पिरिनच्या असाव्यात. सॅलिसिलेट मेंदूतल्या श्वासकेंद्राला थेट चेतवतं, त्यातून अल्कलोसिस. आणि पेशींचं काम बिघडवतं, त्यातून लॅक्टेट आणि कीटोन साठून अ‍ॅसिडोसिस. दोघं विरुद्ध दिशांना ओढतात, म्हणून पीएच साळसूद दिसतो.

हे परीक्षेपुरतं नाही. अशा पेशंटला गुंगीचं औषध देऊन श्वास मंदावला, किंवा व्हेंटिलेटरवर श्वासाची गती नेहमीसारखी ठेवली, तर अल्कलोसिसचा आधार जातो. पीएच कोसळतो आणि सॅलिसिलेट मेंदूत शिरतं. ७.४१ बघून निर्धास्त होणं इथे जिवावर बेततं.

अर्धविराम

वेळेचा मुद्दा मी सोडलाच होता. पण पीएच ७.४१ आहे म्हणजे दोघांतला मुख्य अल्कलोसिस, एवढं तरी म्हणता येईल ना?

रात्रपाळी

मी नाही म्हणणार. रक्त घेतलं त्या क्षणी कोण किती ओढत होतं, एवढंच पीएच सांगतो. हेच दोन बिघाड असताना दोन तासांनी तो ७.३० असू शकतो. सॅलिसिलेटमध्ये मोठ्यांत बहुधा अल्कलोसिस आधी सुरू होतो, पण ते आपल्याला औषधाच्या स्वभावावरून कळतं, ७.४१ वरून नाही.

पहाटवारा

आता बसून केसेस पुन्हा केल्या. डायबेटिक तरुण: ९ ची दीडपट साडेतेरा, अधिक ८, साडेएकवीस. मोजलेला पीसीओटू २३, दोनच्या आत. एकच बिघाड. गर्भवती: पीसीओटू १० ने कमी, जुना बिघाड, म्हणून बायकार्ब १९ ते २० हवा. २० आहे. जुळलं. आधी माझी उत्तरं बरोबर येत होती, पण कॉम्पेन्सेशन मी तपासतच नव्हते.

एक शंका राहिली. तिसऱ्या केसमध्ये 'सहा तास' दिले नसते आणि सोडियम-क्लोराइडही नसते तर? जुन्या अल्कलोसिसला उतार ५ धरला तर बायकार्ब १३ येतो. १३ आणि ११ मध्ये फरक दोनचाच.

रात्रपाळी

मग नुसत्या आकड्यांवर कुणी छातीठोकपणे सांगू नये. जुना रेस्पिरेटरी अल्कलोसिस हा असा बिघाड आहे ज्यात कॉम्पेन्सेशन पीएचला अगदी नॉर्मलमध्ये आणून ठेवू शकतं, त्यामुळे पीएचही मदतीला येत नाही. अशा वेळी कानातला आवाज आणि गोळ्या, म्हणजे केसमधली वाक्यंच कामी येतात. उतार ४ धरायचा की ५, यावरही शिकवणाऱ्यांत एकमत नाही. मी ४ आणि ५ दोन्ही लावून बघतो.

अर्धविराम

आमच्या सरांनी एक झटपट युक्ती सांगितली होती. साध्या मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिसमध्ये पीएचचे शेवटचे दोन आकडे म्हणजेच साधारण पीसीओटू. ७.२२ ला २३, जुळतं. तिसऱ्या केसमध्ये ४१ आणि १८, म्हणजे दुसरं काहीतरी आहे हे लगेच दिसतं. पीएच फारच खाली, ७.१० च्याही खाली गेला तर ही युक्ती चालते का?

मोगरा

तसे पेशंट आमच्याकडे येतात. पीसीओटू १० च्या खाली गेलेला मी क्वचितच पाहिलाय, माणूस तोवर दमून जातो. पण युक्ती नेमकी कुठे तुटते ते मलाही वाचायला आवडेल.